भोंग्यासाठी दोन मिनिटं

"माईक घ्या ना, आजी," साहेब म्हणाले.

"नको. त्यानं तोंड झाकलं जातं."

सगळे हसले. कापड गिरणीतल्या मागांवर जन्म गेला माझा, आणि तिथं माझं नाव थापाडी. मी काही बोलले की लोक आधी हसून घेतात.

निरोपाचा कार्यक्रम भोंग्याचा होता. माझ्या शेजारच्या मागावरचा. मागांच्या खडखडाटानं कान गेले त्याचे, आणि स्वतःचा आवाज कळेना म्हणून बोलणं भोंग्यासारखं झालं. आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "थापाडे, उद्या सगळे बोलतील, मी नंदीबैलासारखा मान हलवीन. तू तरी मला कळेलसं बोल गं."

मागखात्यातल्या खडखडाटात आम्ही एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचो. पण साहेबांनी कागदात डोकं घालून भाषण वाचलं, मुकादमानं माईक गिळला. भोंगा मान हलवत राहिला.

मी घरी भाषणाची तयारी केली होती. सूनबाईला कानात कापूस कोंबून समोर बसवलं. जे वाक्य तिला कळलं नाही, ते खोडलं. लांब वाक्यांत माझाच दम संपायचा, ती तोडली. पाच मिनिटांची दोन झाली. एक थट्टा, एक खरी गोष्ट, एक शुभेच्छा. बस्स.

सगळ्यांचे सरबताचे पेले आधीच भरून घेतले. मग त्याच्यासमोर, उजेडात उभी राहिले.

"भोंग्या, तू ओरडलास की तुटलेला धागा घाबरून आपणच जुळायचा."

हसू ओसरेपर्यंत थांबले. तोही हसला. म्हणजे पोचलं.

"एकदा माझा हात मागाच्या पट्ट्यात गेला. मी किंचाळले. कुणालाच ऐकू आलं नाही."

मागून कुणीतरी खिदळलं. थापच वाटली असणार. मी हात वर केला. दोन बोटं नसलेला.

"यानं माझं तोंड पाहिलं. धावला. पट्टा बंद केला. उरलेला हात याचा आहे."

थांबले. त्याचे डोळे माझ्या ओठांवरून हलले नाहीत.

"उचला पेले. भोंग्या, सुखात राहा!"

"सुखात राहा!" सगळे म्हणाले, पेले तोंडाला लावता लावताच.

तिथंच चुकले मी. एवढं खोडलं, तोडलं, पण हे डोक्यातच आलं नाही. एका क्षणात सगळी तोंडं पेल्यांमागे गेली. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला.

"काय म्हणाले गं सगळे?" खोली दणाणली.

मी पेला खाली ठेवला. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, सुखात राहा. शेजारच्या, कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवालीनं पेला खाली घेतला, तिनंही तसंच म्हटलं. मग पलीकडच्यानं. साहेब गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले.

भोंगा एकेक चेहरा वाचत गेला.

खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. ती आम्हाला ऐकू येत होती.