तिरक्याला पदं कळत नाहीत

तिरक्या हा खेकडा. आमच्या नाचणीच्या कुरकुरीत रिंगांच्या पाकिटावर तो पहिल्यापासून होता, पण त्याला वाचा दिली मी. २०१० साल होतं. पिरंगुटच्या आमच्या कारखान्याचं फेसबुक पेज नुकतंच सुरू झालं होतं, आणि आया संध्याकाळी पोरांना मांडीवर घेऊन तिरक्याच्या पोस्ट वाचून दाखवायच्या.

मी नियम लिहून कागद कॉम्प्युटरच्या वर चिकटवला होता. तिरक्या सहा वर्षांचा आहे. छोटी वाक्यं बोलतो. रोज एक गोष्ट चुकीची समजतो, मग पोरं त्याला सांगतात. कुणाला चिडवत नाही. ‘विकत घ्या’ म्हणत नाही. मोठ्या माणसांची पदं त्याला कळत नाहीत. एवढ्याशा खेकड्याला एवढी मोठी राज्यघटना, म्हणून लोक हसायचे. हसू देत.

दोन दिवस रजेवर गेले तेव्हा पेज सेल्सच्या प्रदीपकडे दिलं. परत येऊन बघते तर तिरक्या म्हणतोय, ‘तालुक्याची शान, युवकांचे आशास्थान मा. दादासाहेब यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!’ नाक्यावरच्या फ्लेक्सची भाषाच उचलून आणलेली. खाली एका आईनं लिहिलं होतं, ‘मुलगी विचारतेय, तिरक्या कुठे गेला? हा कोण काका बोलतोय?’

माझं डोकंच फिरलं. पोस्ट काढून टाकली आणि मालकांना सांगायला गेले.

“काढली?” चंद्रकांतशेठ खुर्चीतून उठलेच. “मीच सांगितलं हुतं प्रदीपला. दादासाहेबांची मान्सं बघत्यात त्ये. उद्या आपला ट्रक अडावला तर तू सोडवनार हायेस व्हय?”

“शुभेच्छा द्या की, शेठ. कंपनीच्या नावानं वीस फुटी फ्लेक्स लावा. तिरक्याच्या तोंडून नको.”

“अगं, एका दिसानं काय व्हतंय?”

मी त्या आईची ओळ वाचून दाखवली. “एका दिवसातच पोरीनं ओळखलं. असंच चाललं तर तिरक्या म्हणजे नुसतं पाकिटावरचं चित्र. हवं तर पेज माझ्याकडून काढून घ्या. पण माझ्याकडे आहे तोवर तो असं बोलणार नाही.”

बोलून तर गेले. नोकरी मला हवीच होती. तरी मी जागची हलले नाही.

शेठ परत खुर्चीत बसले. “मग आज काय बोलनार त्यो?”

मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. ‘मी दोन दिवस भातखाचरात हरवलो होतो. सरळ घरी निघालो आणि तिरकाच गेलो! माझं घर कुठल्या बाजूला?’

संध्याकाळपर्यंत ‘इकडे, इकडे’ अशी उत्तरांची रांग लागली. त्यात ती मुलगीही होती. कंपनीच्या नावानं दादासाहेबांचा फ्लेक्स नाक्यावर लागला, ट्रक काही कुणी अडवला नाही.

पुढच्या महिन्यात शेठचा पन्नासावा वाढदिवस आला. प्रदीप मोठ्या हौसेनं मजकूर घेऊन आला. “शेठ, तिरक्याकडून टाकू का?”

शेठनी कागद वाचला. ‘उद्योगरत्न’ या शब्दावर नजर जरा रेंगाळली. आवडला होता त्यांना, दिसतच होतं. मग त्यांनी कागद परत दिला.

“न्हाई. सा वर्साचं हाय त्ये. त्याला काय कळतंय, शेठ म्हंजी काय?”