तपकिरीतून जांभळ्यात जाताना

उकंडरावांना पॅनल बदलायचं होतं, आणि ते मनापासून बदललंय असं व्हिडिओत दिसायला पाहिजे होतं. दुपारच्या जेवणाचे डबे नुकतेच उघडले होते. मी डबा परत झाकला. वारंगा फाट्यावर नासेरभाईंच्या बॅनरच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसतो, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पोळी गरम खाणं हा प्रकार माझ्यासाठी संपतो.

गावात दोन पॅनल आहेत, तपकिरी आणि जांभळं. बाकीचे रंग मोठ्या पक्षांनी आधीच नेले होते. उकंडराव आजवर तपकिरीत होते. तिथं यंदा त्यांचं तिकीट पुतण्याला गेलं, म्हणून ते जांभळ्यात निघाले. जांभळ्याचे प्रमुख रतनसिंग यांनी अट घातली होती : संध्याकाळच्या सभेत पडद्यावर परिवर्तनाचा व्हिडिओ लागला तरच उमेदवारी.

"त्याला दम दिसत न्हाई तुमच्या शब्दात, म्हणून व्हिडिओ मागून राहिला," चतुराबाई म्हणाल्या. या उकंडरावांच्या बायको. बाजाराची पिशवी मांडीवर धरून बाकावर बसल्या होत्या.

"तू गप बस," उकंडराव म्हणाले. "वैजनाथ, चालू कर रे."

काम कसं असतं ते सांगतो. सुरुवातीचं चित्र द्यायचं, शेवटचं चित्र द्यायचं, दोन्हींत काय दिसतं ते लिहायचं. मधलं सगळं मशीन स्वतःच्या मनानं भरतं. तिथंच सगळी तकलीफ आहे. मशीनला मन नसतं, तरी ते मनानं भरतं.

उकंडरावांनी दोन फोटो आणले होते. पहिल्यात तपकिरी उपरणं घालून ते जवळा बाजारच्या बैलबाजारात बैल धरून उभे. दुसऱ्यात जांभळं उपरणं घालून रतनसिंगच्या गाडीत बसलेले. मी आधीच म्हणालो होतो की जमणार नाही. नासेरभाई म्हणाले, "गिऱ्हाईक आहे, लाव." लावलं. व्हिडिओत बैलाची शिंगं वितळली आणि गाडीचे आरसे झाले. बैलाची शेपटी उकंडरावांच्या खिशात गेली ती परत आली नाही.

"बैल कुठं गेला?" उकंडरावांनी विचारलं.

"बैलाला शेवटच्या चित्रात जागाच न्हाई, काका. मग ते त्याला मिळेल त्या वस्तूत घालतं. दोन्ही चित्रांत माणूस तोच, भिंत तीच, उजेड तोच, कॅमेरा तिथंच पाहिजे. फक्त जे बदलायचं तेवढंच वेगळं."

म्हणून दुकानाच्याच भिंतीसमोर त्यांना उभं केलं. तपकिरी उपरण्यातला फोटो काढला. शेवटचं चित्र या फोटोवरूनच मशीनकडून बनवून घ्यायचं होतं. त्याचं वर्णन मी लिहायला घेतलं, तर उकंडराव सांगायला लागले.

"लिही, उकंडराव हळूहळू विचार करतात, जुन्या लोकांनी धोका दिला ते आठवतात, मग..."

"काका, शेवटी काय दिसतं तेवढं सांगा. आठवण दिसत न्हाई."

"मग लिही, गळ्यात जांभळं उपरणं. अन् तपकिरी उपरणं न्हाई, बिलकुल न्हाई. हे ठळक लिही."

"न्हाई असं लिहायचं नसतं. नाव घेतलं की मशीन ते चित्रात आणतं."

"ठळक लिही म्हणतो ना!"

ठळक लिहिलं. शेवटच्या चित्रात उकंडरावांच्या गळ्यात दोन उपरणी आली, डावीकडे जांभळं, उजवीकडे तपकिरी, दोन्ही एकदम इस्त्रीची. नासेरभाईंनी घाईत ते तसंच रतनसिंगना पाठवलं. लगेच फोन आला. स्पीकरवर होता.

"हा काय प्रकार? एक पाय अजून तिकडंच हाये का याचा?"

"पाय न्हाई भाऊ, उपरणं," नासेरभाई म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू दुसरं उपरणं मीच विणलंय.

मग तपकिरीचं नाव काढून टाकलं. लिहिलं : तोच माणूस, तीच भिंत, गळ्यात एकच जांभळं उपरणं. हे बराबर निघालं. पण व्हिडिओ लावला तर मधे उपरणं हळूहळू रंग बदलत गेलं आणि एका जागी असा रंग आला की चतुराबाई म्हणाल्या, "वांग्याच्या भाजीत पाणी जास्त झाल्यावर असा येतो."

तेही धाडल्यावर रतनसिंगचा परत फोन. "रंग असा सरकायला नको. लोक म्हणतील, रंगवून आणलं. आधी जुनं गळून पडू दे, मग आमचं येऊ दे."

मला झोप येत होती. बसल्या जागी डोळे मिटले असते तर मीही भिंतीचा भाग झालो असतो. पण रतनसिंगचं म्हणणं कामाच्या हिशेबानं खरं होतं. मधलं मशीनवर सोडायचं नसेल तर मधलंही चित्र आपणच द्यायचं. म्हणजे दोन तुकडे. पहिल्यात तपकिरी उपरण्यापासून मोकळ्या गळ्यापर्यंत, दुसऱ्यात मोकळ्या गळ्यापासून जांभळ्यापर्यंत. पहिल्याचं शेवटचं चित्र तेच दुसऱ्याचं पहिलं, म्हणजे सांधा दिसत नाही.

"काका, उपरणं काढा. मोकळ्या गळ्याचा फोटो पाहिजे."

उकंडराव घुटमळले. "काढूच का?"

"मधल्यासाठी. पाहणाऱ्याला नुसतं चमकून जाईल."

त्यांनी काढलं. मान तिथं पांढरट होती, बाकी चेहऱ्यापेक्षा बरीच. ते उपरणं हातात धरून उभे राहिले, कुठं ठेवावं कळेना. चतुराबाईंनी घेतलं आणि पिशवीत मेथीच्या जुडीवर टाकलं.

"अगं बाई, तुमाला मान हाये व्हय?" त्या म्हणाल्या.

उकंडराव हसले. मी तेवढ्यात फोटो काढला.

दोन्ही तुकडे तयार झाले. जोडून लावले. पडद्यावर तपकिरी उपरणं खांद्यावरून घसरलं, खाली पडलं, उकंडराव मोकळ्या गळ्यानं हसत उभे राहिले, मग वाऱ्यानं यावं तसं जांभळं येऊन गळ्यात बसलं. शिंगं नाहीत, वांगी नाहीत. नासेरभाईंनी टाळी वाजवली.

"परत लाव," उकंडराव म्हणाले.

लावलं.

"परत. अन् मी म्हणेन तिथं थांबव." मधे आल्यावर त्यांनी हात वर केला. "इथं."

मोकळ्या गळ्यावर थांबवलं. उकंडराव पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. नासेरभाईंनी घड्याळ बघितलं, मी डबा बघितला.

"याच्यापुढचं काढून टाक," ते म्हणाले.

"काका, मग जांभळं येतच न्हाई. शेवट इथंच होतो."

"होऊ दे."

"उकंडराव, संध्याकाळी सभा आहे," नासेरभाई म्हणाले. "रतनसिंगभाऊ उमेदवारी देणार न्हाईत."

"तपकिरीवाल्यांनी काढली, हे देणार न्हाईत. बराबर झालं. नासेरभाई, मी इतक्या निवडणुका उभाच हाये. पाय दुखून राहिलेत."

चतुराबाईंनी पिशवी उचलली. पिशवीचे दोन्ही बंद एकाच हातात घेतले आणि दुसरा हात नवऱ्याला बाकावरून उठायला दिला, जरी तो उभाच होता.

पहिला तुकडा मी त्यांच्या मोबाइलवर टाकला. त्यांनी तो तिथंच गावच्या ग्रुपवर धाडला, खाली काही न लिहिता. दोघं जीपमध्ये बसून गेले.

थोड्या वेळानं रतनसिंगचा फोन आला. मला वाटलं शिव्या देतील. त्यांचा आवाज थकलेला होता.

"ते गेलं ते जाऊ दे. बाबूसिंगला उभा करून राहिलो. फोटो धाडलाय. तू असं कर, शेवट तोच ठेव, नुसती सुरुवात बदल."

"भाऊ, मग बाबूसिंगचे हळूहळू उकंडराव होतील."

ते विचार करायला लागले, याचीच मला भीती वाटली.

"मतं कोणाला पडतील मग?" त्यांनी विचारलं.

मी बाबूसिंगचा फोटो उघडला. तो ट्रॅक्टरवर बसला होता, मांडीवर कोंबडा. मी रतनसिंगना सांगितलं, माणसाला भिंतीसमोर पाठवा, कोंबड्याशिवाय.