दसऱ्याला पुजलेले बूट

विश्राम राणे यांनी दसऱ्याला बुटांची पूजा केली, तेव्हा त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला. गाडीला हार, लॅपटॉपला कुंकू इथपर्यंत ठीक, पण बुटांना झेंडूची फुलं? राणे मात्र गंभीर होते. सिंगापूरहून भाच्याने आणलेले ते बूट साधेसुधे नव्हते. जाडजूड, पण हातात घेतले तर पिसासारखे हलके, आणि तळाच्या फोमच्या आत कार्बनची ताठ पट्टी. मॅरेथॉनचे विक्रम हल्ली असल्याच बुटांत होतात, हे भाच्याने सांगितलं होतं आणि राण्यांनी सगळ्या सोसायटीला.

पन्नाशीत मॅरेथॉन धरलेला माणूस तो. बँकेत अधिकारी, स्वभावाने तसा बरा, फक्त चारचौघांत हसू होण्याची भीती जबरदस्त. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर पहाटे पळणाऱ्या एका ग्रुपमध्ये ते वर्षभर जात होते. तिथे त्यांची जोडी जमली होती सगुणाशी. सगुणा कोळ्यांची, माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दोघांचा वेग सारखाच, म्हणजे सारखाच संथ, आणि दोघांची ही पहिलीच पूर्ण मॅरेथॉन. लांब पल्ल्याच्या रविवारी राण्यांची पोटरी कुरकुरायला लागली की सगुणा पुढे जाऊन पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर थांबायची आणि ते पोचेपर्यंत जागच्या जागी उड्या मारत राहायची. तिथेच एकदा ठरलं होतं, सोबत निघायचं, सोबत पोचायचं.

ग्रुपचा कोच विनीत स्वतः तसले बूट घालायचा. त्याने राण्यांना बाजूला घेऊन समजावलं.

"काका, मी घालतो, कारण मी जोरात पळतो. जोरात पाय पडला की तो फोम जोरात परत ढकलतो, पट्टी त्याला साथ देते. तुमच्या स्पीडला फायदा होईलच असं नाही. कोणाला थोडा होतो, कोणाला काहीच नाही. शिवाय टाच अरुंद, बूट उंच. शेवटी पाय थकला की घोटा डगमगतो. तुमचे रोजचे बूट रुंद आहेत, ते सांभाळून घेतात."

"अरे पण, घालूच नको?"

"घाला ना. पण आधी दोन-तीन लांब रन करा त्यात. पोटरीला सवय नको व्हायला? रेसच्या दिवशी नवं काही नाही."

राण्यांनी मान डोलावली आणि बूट कपाटात ठेवून दिले. मानपाडा रोडच्या धुळीत पुजलेले बूट मळवायचे? दिवाळीचा शर्ट कोणी आदल्या आठवड्यात घालतं का? घरातल्या फरशीवर मात्र ते रोज संध्याकाळी दोन फेऱ्या मारत आणि आरशात पावलं बघत.

ठाण्यातल्या त्या मॅरेथॉनच्या दिवशी सगुणा तिच्या रोजच्याच, अंगठ्यापाशी जाळी उसवलेल्या बुटांत आली. सहा तासांच्या आत पोचणाऱ्यांना पदक होतं आणि त्यांच्या ठरलेल्या वेगाने ते आरामात मिळणार होतं. तिची आई, गोदाबाई, आयुष्यात पहिल्यांदा लेकीचं पळणं बघायला फिनिशपाशी येऊन बसणार होती. पदक घरच्या देवापुढे ठेवायचं, असं म्हातारीने जाहीरच करून टाकलं होतं.

शर्यत सुटली आणि राण्यांच्या पायाखाली जणू गादी आली. पाय टाकला की आपोआप पुढे! घोडबंदर रोडवर येईपर्यंत लोक मागे पडत होते, एका पोराने बूट बघून "ओ काका, भारीच!" म्हटलं, आणि राणे हुरळले. सगुणाने हाक मारली, "दादा, हळू! आपला स्पीड नाय हा!" त्यांनी हात हलवला, पुढच्या पाण्याच्या टेबलापाशी थांबतो अशी खूण केली आणि थांबले नाहीत. त्या क्षणी त्यांना तिची आठवणसुद्धा अडचणीची वाटली.

बुटांनी ती मजा निम्म्यापर्यंत पुरवली. मग पोटऱ्या दगड झाल्या. चालायला लागावं तर ते उंच, ताठ बूट चालू देईनात. प्रत्येक पावलाला घोटा आत कलंडायचा. एकतिसाव्या किलोमीटरला ते दुभाजक धरून उभे होते, तेव्हा सगुणा आली. तिचा वेग तोच, श्वास तोच.

"दादा, काय झालं? मी थांबू की जाऊ?"

जा, एवढंच म्हणायचं होतं. राण्यांना पुढचं चित्र दिसलं: मागून येणारी ती उरलेल्यांना गोळा करणारी बस, तिच्यात हे बूट घालून एकटेच बसलेले आपण. "थोडं चालू, मग येतोच पळत," ते म्हणाले.

ती चालली. पुढे एकदा तिने घड्याळ पाहिलं आणि अवघडून म्हणाली, "दादा, आता मी पुढे गेले ना, तर सहा तासांत होईल अजून."

"सगुणा, मला भोवळ आल्यासारखं होतंय गं," राणे म्हणाले.

भोवळ वगैरे काही नव्हतं. ती लॅबमधली बाई, असं ऐकून सोडून जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिने त्यांचा दंड धरला आणि पुन्हा घड्याळ पाहिलं नाही.

ते पोचले तेव्हा कामगार फिनिशची कमान उतरवत होते. गोदाबाई हातात अबोलीची वेणी घेऊन उठली. "आगो सगुने, मेडल कुठं हाय गो?"

 सगुणाने राण्यांना आधी डॉक्टरच्या तंबूत नेलं. प्रेशर, साखर, सगळं तपासून डॉक्टर हसला. "काही नाही झालेलं. पोटऱ्या आखडल्यात. भोवळ कसली?" सगुणा शेजारीच उभी होती. राण्यांनी नजर बुटांवर ठेवली, कारण दुसरीकडे कुठे ठेवावी कळेना.

पुढच्या रविवारी ग्रुपचा छोटा कार्यक्रम झाला. विनीत गावाला गेला होता. अध्यक्ष सखाराम भोईर, ज्यांना पळण्यातलं काही कळत नाही आणि भाषणातलं सगळं कळतं, त्यांनी माइक धरला. "राणेसाहेबांच्या पायात ते विक्रमी बूट! मनात आणलं असतं तर केव्हाच पोचले असते. पण मागे राहिलेल्या आपल्या भगिनीसाठी हा माणूस थांबला. स्वतःच्या पदकावर पाणी सोडलं!" फिनिशचा फोटो पडद्यावर आला. दोघं एकमेकांना धरून. कोण कोणाला धरून आहे, ते फोटोत कळत नव्हतं. लोकांनी बूट बघून ठरवून टाकलं होतं.

शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. राणे उभे राहिले. नाही, उलटं आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते "धन्यवाद". पहिल्या रांगेत सगुणा टाळ्या वाजवत होती, सगळ्यांच्या बरोबरीने, चेहरा कोरा ठेवून. धरणीने पोटात घ्यावं असं राण्यांना वाटलं. धरणी जागची हलली नाही, आणि त्यांनी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मानपाडा रोडवर रोजचे जुने बूट घालून आले. सगुणा वाकून नाडी बांधत होती.

"सगुणा, काल मी बोलायला हवं होतं. तुझ्या आईला मी स्वतः येऊन…"

तिने वर बघितलं नाही. "दादा, ते दुसरे बूट का नाय घातले? ते घातले की तुम्हाला कोणाची वाट बघावी लागत नाय."

ती उठली आणि पळायला लागली. राणेही निघाले. जुने बूट पायाला अगदी बरे वाटत होते, पोटरी कुरकुरत नव्हती, थांबायला काही निमित्तच सापडेना. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्याजवळ आल्यावर सवयीने त्यांनी मान वर केली. कोपऱ्यावर कोणी नव्हतं.