सगळंच निळं

त्याला घरात आणि बालवाडीत सगळे मुंगळा म्हणत, कारण गोड वस्तू कुठेही ठेवा, हा तिथे चिकटलेला सापडायचा. वय तीन वर्षं आणि थोडं वर. बोलायला पटाईत. फक्त रंगाचं नाव विचारलं की ततपप व्हायचं.

"हा कुठला रंग?" आई लाल चेंडू दाखवून विचारायची.

"निळा."

"आणि हे पान?"

"निळं."

पहिल्यांदा आई हसली. नंतर हसू येईना. तिच्या धाकट्या भावाला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. वीजकामाच्या प्रशिक्षणाला मोठ्या हौसेने गेला होता. तारांचे रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकला आणि पडेल चेहऱ्याने परत आला. हा दोष आईच्या माहेराकडून मुलाकडे येतो, असं तिने तेव्हाच ऐकलं होतं. आता ते ऐकलेलं तिच्या मानगुटीवर बसलं.

मग ती पोराच्या मागेच लागली. जेवताना, आंघोळ घालताना, बूट चढवताना, हा कुठला, तो कुठला. मुंगळा आधी निळा म्हणायचा, मग तिच्या तोंडाकडे बघून घाईघाईने "लाल? पिवळा?" असे खडे टाकायचा.

"अगं, दम घे जरा," नवरा म्हणाला. "मला पंधराव्या वर्षीसुद्धा डावं-उजवं कळत नव्हतं."

"तुला अजून कळत नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मुंगळ्याला बालवाडीत सोडायला गेली तेव्हा दारातच बाईंना सगळं सांगून मोकळी झाली.

बाईंनी ऐकून घेतलं. "आज बोटांनी रंगवायचं आहे," त्या म्हणाल्या. "कामावर जरा उशिरा गेलात तर चालेल? मग थांबा. पण एक अट. मुंगळ्याला कुठल्याही रंगाचं नाव विचारायचं नाही."

आई कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची. तिने दुकानात फोन केला आणि बालवाडीच्या मागच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे बालवाडीच्या मदतनीस मावशी पातेल्यात पळी फिरवत होत्या. कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवलं होतं. खळ दाट आणि चकचकीत झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला.

"मैदा नाही घेत?" आईने विचारलं.

"एका पोरीला गव्हाचं सोसत नाही. अंगावर उठतं," मावशी म्हणाल्या. "म्हणून हे. रोज ताजं करायचं, उरलं की टाकायचं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पोरांसमोर न्यायचं नाही."

खळ गार झाल्यावर तिचे तीन वाडगे भरले. एकात खाण्याचा लाल रंग, दुसऱ्यात पिवळा, तिसऱ्यात निळा. तेवढेच. टेबलांवर प्लास्टिक अंथरलं होतं, मुलांना बापांचे जुने शर्ट उलटे घातले होते, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळल्या होत्या. प्रत्येकापुढे एकेक ताट आणि कागद.

मुंगळ्याने पहिलं बोट पिवळ्यात बुडवलं आणि सरळ तोंडात घातलं.

"अरे थुंक! थुंक आधी!" आई धावली.

"असू दे," बाई शांतपणे म्हणाल्या. "खाण्यातलंच आहे सगळं, बोटभर गेलं तर काही होत नाही. पण हा खाऊ नाही हं, मुंगळ्या. कसं लागलं?"

मुंगळ्याने तोंड वाकडं केलं. "बेचव." आणि तो कामाला लागला.

बाईंनी त्याच्या ताटात पिवळ्याचा मोठा गोळा ठेवला, शेजारी निळ्याचा छोटासा ठिपका. "फिरव बरं बोट. काय होतंय?"

मुंगळा फिरवू लागला. निळ्याची रेघ पिवळ्यात ओढली गेली, पसरली, आणि त्याचे डोळे मोठे झाले. "बाई! निळा गेला!"

"कुठे गेला?"

"आत गेला. पानासारखं झालं!"

आई पुढे वाकली. पानासारखं. हिरवा हा शब्द त्याला आलाच नव्हता, पण पान आलं होतं.

"अजून निळा घातला तर?" बाईंनी विचारलं.

"अंधारी पान होणार," मुंगळा म्हणाला, आणि तसंच झालं.

मग बाई पाठमोऱ्या झाल्या आणि दुसऱ्या ताटात काहीतरी कालवलं. त्यांनी मुंगळ्यापुढे एका कागदावर नारिंगी डाग ठेवला आणि वाडग्यांच्या जागा बदलल्या. "मला असाच करून दे. अगदी असाच."

मुंगळ्याने डाग पाहिला, वाडगे पाहिले. लाल घेतला, पिवळा घेतला, कालवलं. फार लाल झालं. मान हलवून त्याने अजून पिवळं ओढलं, पुन्हा डागाशेजारी बोट धरून पाहिलं. "झालं. आता असाच."

बाईंनी पुन्हा जागा बदलून हिरवा दाखवला. त्याने लालकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी त्यांनी कागदाच्या तुकड्यांवर मातकट तपकिरी आणि मळकट हिरवे असे किती तरी ठिपके काढले आणि तुकडे मिसळून पसरले. "यातले कोण कोण एका घरातले?" मुंगळ्याने पटापट दोन ढीग केले. एकही ठिपका दुसऱ्या घरात गेला नाही.

आई शेजारच्या लहानग्या खुर्चीत बसली. दुकानात ती रोज कापडाला दोरा जुळवायची. कुठल्या दोऱ्याला काय म्हणतात, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं. जुळला की जुळला. तीच गोष्ट तिच्या पोराला छान जमत होती.

"नावं येतील हळूहळू," बाई म्हणाल्या. "या वयात पुष्कळ मुलं गोंधळतात. त्यात तुम्ही सारखी परीक्षा घेताय, म्हणून तो तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर शोधतोय. पण मी डॉक्टर नाही. भावाला आहे म्हणता, तर एकदा डोळे तपासून घ्या, म्हणजे मनात पाल चुकचुकायची थांबेल."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. ठिपक्यांतून गोल आणि फुली ओळखायची होती, रंगाचं नाव सांगायचं नव्हतं. मुंगळ्याने बोटाने प्रत्येक आकार गिरवला. "लाल-हिरव्यात काही अडचण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "शाळेत घालायच्या वेळी पुन्हा एकदा दाखवा, इतकंच."

दवाखान्याच्या पायरीवरूनच आईने भावाला फोन लावला.

"नाही ना? चला, सुटला," मामा म्हणाला. "नाहीतर माझ्यासारखं बायकोला विचारून मोजे घालावे लागले असते." मग आवाज जरा खाली आला. "ताई, तू माझ्यापायी एवढी घाबरलीस?"

"घाबरले रे. पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काय वाईट झालं?"

"काही नाही. वीजकाम नाही तर बेकरी. माझ्यासारखा पाव कोण भाजतं गावात!"

ती मोठ्याने हसली. कित्येक दिवसांत अशी हसली नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं, तर मुंगळा शर्ट काढून आरशापुढे उभा. दोन्ही गाल पालेभाजीसारखे. बालवाडीच्या बाईंनी दिलेली खळीची कृती आईने घरी करून पाहिली होती. ती स्वतः कोपरापर्यंत जांभळी होऊन जमिनीवर बसली होती, आणि भात लागल्याचा वास येत होता.

"अगं, गॅसवर काय आहे?"

"राहू दे," ती म्हणाली. "बाहेरून मागव काहीतरी. मला आज खूप भूक लागलीय."