फोन बंद, सोमवारी परत

मी रजा मागितली की आमच्या साहेबांच्या पोटात दुखतं. खोके छापणाऱ्या कारखान्यात माझं काम एकच: छपाईआधी प्रत्येक नमुना शेवटचा एकदा तपासायचा आणि 'हो' म्हणायचं. गेल्या वर्षी आईला समुद्र दाखवायला नेलं आणि सगळी रजा फोनवर 'हो', 'नाही' करण्यात घालवली. आई बाकावर एकटी. परतताना म्हणाली, समुद्र छान होता, तू यायला हवं होतंस. ते अजून सलतं. आता तिची नजर झपाट्यानं जातेय. पुढच्या वर्षी समुद्र तिला नुसता ऐकू येईल.

म्हणून यंदा मी बैठकीतच विचारलं, माझ्या मागे नमुने कोण बघणार?

साहेब हसले. "त्यात काय बघायचंय? कोणीही बघेल. टाका माझं नाव."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला राग आला, पण मी साहेबांचा शब्द उचलला. लगेच सगळ्यांना मेल धाडला: सोमवार ते शुक्रवार रजेवर, फोन बंद, मेल बघणार नाही. नमुन्यांच्या मंजुरीसाठी साहेबांशी बोला. चालू कामांचे नमुने सगळ्यांच्या फोल्डरमध्ये आहेत. पुढच्या सोमवारी सकाळी परत. मेलला आपोआप जाणारं उत्तरही तेच ठेवलं. साहेबांनी अंगठा पाठवला. वाचलं नसणार, पैज लावते. संध्याकाळी आईला तो मजकूर वाचून दाखवला, तर तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावला.

बुधवारी आम्ही त्याच बाकावर बसलो होतो आणि आईचा फोन वाजला. तिनं उचलला. अडीअडचणीसाठी म्हणून तिचा नंबर मीच ऑफिसात देऊन ठेवला होता. साहेबांचा आवाज तर लाटांवरूनही ऐकू येत होता. औषध कंपनीचा माणूस समोर येऊन बसलाय, नमुना कुठाय, मंजुरी कोण देणार, कामाच्या ऐन घाईत तोंड लपवून बसायला लाज कशी वाटत नाही, सोमवारी येऊ तर दे, बघतोच.

आईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही तो निरोप वाचलात का?" तिनं विचारलं. "मुलीनं मला दोनदा वाचून दाखवलाय. नमुना फोल्डरात आहे. आणि मंजुरी देणाऱ्या माणसाचं नाव दिलंय त्यात. तुमचंच आहे. त्यांनाच विचारा."

पलीकडे फोन आदळल्यासारखा बंद झाला. सोमवारी माझी धडगत नाही, हे कळलं, तरी मला हसू फुटलं.

आई हसली नाही. तिनं फोन पिशवीत खोल ठेवला आणि माझ्या हाताकडे बोट केलं. तो हात अजून तसाच तिच्यापुढे पसरलेला होता.

"त्याला बोलले मी," ती म्हणाली. "पण फोन वाजल्या वाजल्या तुझा हात पुढे आला. तेवढं मला अजून दिसतं."

मी हात मागे घेतला.