निलेशच्या नावाचा पुकारा

पोलिसाने देवळासमोर जाहीरनामा मोठ्याने वाचला आणि मग त्याची प्रत सावित्रीच्या दारावर डकवली. जत्रेतल्या मारामारीत एकाचा जीव गेला होता. त्या खुनाचा आरोपी निलेश, तिचा धाकटा भाऊ, वॉरंट निघूनही सापडत नव्हता. आता महिनाभराच्या मुदतीत मालवणच्या कोर्टात हजर झाला नाही, तर तो फरारी घोषित होणार होता.

त्याच्या नावावरची काजूची बाग मात्र त्याच दिवशी जप्त झाली. लपल्या जागेवरून पठ्ठ्या ती दलालामार्फत विकायला निघाला होता. हे कानावर येताच कोर्टाने जाहीरनाम्यासोबतच जप्तीचा हुकूम काढला आणि कलेक्टरांकडून तलाठ्यापर्यंत तो पोचला. बहिणीला मात्र विक्रीचा पत्ताही नव्हता.

विधवा सावित्रीचं पोट त्या बागेवर होतं. ती गुरुदास वकिलांकडे धावली.

"आरोपी सोडून दुसऱ्या कोणाचो हिस्सो असलो तर सा म्हयन्यांत हरकत घेवक येता," वकील म्हणाले. "तुझा नाव सातबाऱ्यार आसा?"

"नाय. बाबा गेल्यार हक्कसोड करून दिलंय."

वाटा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, असं अख्खं गाव मानतं. तिनेही हसत हसत सही केली होती. तेव्हाच्या त्या हसण्याचा तिला आता संताप आला.

"मगे येकच वाट. मुदतीत तो आपणहून हजर झालो तर कोर्ट जप्ती उठवतला. नायतर बाग सरकाराच्या ताब्यात. सा म्हयन्यांनी विकूकय शकतत."

निलेश आरोंद्याला खाडीकाठी एका मित्राकडे लपला होता, हे गावात फक्त तिला ठाऊक होतं. पोलिसांनी विचारलं की ती कानावर हात ठेवी. ती एस.टी.ने तिथे गेली.

"जामीन गावलो नाय तर?" निलेश म्हणाला.

"नाय गावलो तर तुरुंगात मी डबो हाडीन. पण चल."

"बरा. शेवटच्या दिसाक येतंय. आवयची शपथ."

त्या दिवशी ती सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात बसली. शिपायाने निलेशच्या नावाचा पुकारा केला. ती उठून फाटकापर्यंत गेली. दुपारी परत पुकारा झाला. त्याचा फोन बंद होता. संध्याकाळी कोर्ट उठलं. दंडाधिकाऱ्यांनी त्याला फरारी घोषित केलं होतं.

तपास करणारे फौजदार पायऱ्यांवर भेटले. उत्तराची आशा न ठेवताच त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "ताई, भावाचा काही पत्ता?"

बाग गेलीच होती. आता सांगून तिच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. तरीही तिने आरोंद्याचं घर, त्याची खाडीकडची मागची वाट, सगळं नीट सांगितलं.

फौजदार लिहिता लिहिता थांबले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"माका वाटला, तो येतलो," सावित्री म्हणाली.