पपनस वेगळं, ग्रेपफ्रूट वेगळं

फळवालीला फळांतलं शिकवायला जाणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. संत्रं, मोसंबं, ग्रेपफ्रूट, पपनस, डोळे बांधून हातात द्या, सालीवरून अंगठा फिरवून नाव सांगेल. बाजाराच्या कोपऱ्यातल्या त्या गाळ्यात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून तिने उमर काढली होती. एखादं गिऱ्हाईक पपनसाला 'मोठं ग्रेपफ्रूट' म्हणालं की हिच्या कपाळाला आठी पडलीच. "अहो, ते वेगळं, हे वेगळं. ते कडवट, हे गोड. घ्यायचं तर घ्या, पण नाव नीट घ्या." आणि ह्या शहाणपणानेच बाईचा घात केला. कसा, ते ऐका.

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने स्वतःची एक दिली. कोणी तोंड वेंगाडलं नव्हतं तिच्यापुढे. "दोन आहेत ना मला? मग कसला एवढा विचार करताय?" म्हणाली, आणि शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी देऊन मोकळी झाली. तेव्हापासून फळवाली नणंदेपुढे मान वर करून बोलत नसे. बोलणार कुठल्या तोंडाने? कुंकवाचा धनी जिवंत होता तो त्या बाईच्या जिवावर.

नवी किडनी मिळाली की एक कॅप्सूल जन्माची मागे लागते. शरीर त्या परक्या अवयवाला हाकलायला बघतं, त्याला ही कॅप्सूल आवरते. कमी पडली तर शरीर किडनी नासवतं, जास्त झाली तर कॅप्सूलच किडनी नासवते. म्हणून रक्तातलं तिचं प्रमाण सारखं तपासायचं. दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं होतं, ग्रेपफ्रूट अजिबात नको. फळवालीने त्याच दिवशी गाळ्यातली ग्रेपफ्रूटची टोपली उचलून बाहेर ठेवली. नवऱ्याने चुकून बोटाला लागलेला रस चाटला तर, ह्या धास्तीने तिने तो मालच आणणं बंद केलं.

एवढं सांभाळूनही नवरा पुन्हा दवाखान्यात होता. हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईना. डोकं ठणकायचं, रक्तदाब चढलेला, आणि किडनीचं काम रोज थोडं थोडं खाली चाललेलं. रक्तात त्या कॅप्सूलचं प्रमाण भलतंच वर. डॉक्टरांनी डोस उतरवला, तरी प्रमाण हटेना. पुन्हा उतरवला, निम्म्यावर आणला. काही दिवस जरा बरं वाटायचं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे का? बुरशीवरचं, अँटिबायोटिक, एखादा काढा, चूर्ण? जुलाब झाले होते का? ग्रेपफ्रूट?" डॉक्टरांनी सगळं विचारलं.

"नाही हो साहेब. फळांचाच धंदा आमचा. ग्रेपफ्रूट मी ओळखते." ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"मग उद्या सकाळी बायोप्सी करू. किडनीचा तुकडा काढून बघितल्याशिवाय कळणार नाही."

डॉक्टर गेल्यावर नणंदेने तिला वॉर्डाबाहेर, खिडकीपाशी नेलं.

"गोळ्या तूच देतेस ना?"

"हो ताई. सकाळ-संध्याकाळ. गजर लावून."

"दोनदा देत नाहीस ना एखाद्या वेळी? धांदरटपणा नको गं करूस. माझ्याकडे आता द्यायला दुसरी नाही."

नणंद ओरडली नाही, म्हणून जास्त लागलं. फळवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं तिला झालं. आपण चुकलो नाही हे दाखवायचंच, म्हणून घरून आणलेली औषधांची पिशवी तिने उचलली, आणि खाली औषधांच्या खिडकीपुढच्या बाकावर जाऊन बसली.

आधी तिने कॅप्सूलच्या खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी उलगडली. मुंगीएवढी अक्षरं, तीही परक्या भाषेत. चष्मा कपाळावर नि पुन्हा नाकावर. मग मोबाईलवर औषधाचं नाव घातलं. काहीच येईना. शेवटी खिडकीतली फार्मासिस्ट बाई म्हणाली, "काकू, ते कंपनीने ठेवलेलं नाव आहे. त्याच्या खाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते घाला. आणि असल्या शोधात औषधाबरोबर खाणंही तपासता येतं. थांबा, ह्यांचं झालं की बघते मी."

पुढे एक आजोबा उभे होते. थायरॉईडची गोळी ते दुधाबरोबर घेत, म्हणून गोळी असून नसल्यासारखी झाली होती. "उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब," बाईने त्यांना बजावलं. त्यांच्या हातात रक्त पातळ करायच्या गोळीचीही चिठ्ठी होती. "पालेभाजी खायची, पण रोज सारखीच. एक दिवस गड्डी आणि आठवडाभर काहीच नाही, असं नको." आजोबा मान डोलवत गेले.

फळवालीने पिशवी खिडकीत रिकामी केली. "बघा हो बाई. काही चुकतंय का माझं? घरातलं सगळं आणलंय, पोटदुखीच्या गोळीपासून."

बाईने एकेक पाकीट उलटसुलट करून पाहिलं. गोळ्या बरोबर संपत होत्या. काही जास्त नाही, काही कमी नाही. फळवालीचा जीव भांड्यात पडला. आता नणंदेला सांगू, की ताई, माझा हात चुकलेला नाही.

"औषधांत काही दिसत नाही," बाई म्हणाली. "आता खाणं सांगा. सकाळपासून झोपेपर्यंत, तोंडात जाईल ते सगळं. किरकोळ वाटलं तरी सांगा."

फळवाली सांगत गेली. भात, भाजी, भाकरी, ताक. "आणि दुपारी पपनस. ते रोज. तोंडाला चव नाही म्हणतात, मग मीच सोलून नेते. इथेही आणते डब्यातून."

बाईचा हात थांबला. "पपनस?"

"हो. ग्रेपफ्रूट नाही हो. पपनस वेगळं, ग्रेपफ्रूट वेगळं."

"फळ वेगळं आहे, काकू. आतलं द्रव्य तेच आहे." बाईने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि टॅक्रोलिमस ह्या, कॅप्सूलच्या मूळ नावाखालचा मजकूर वाचून दाखवला. ग्रेपफ्रूट होतं, आणि त्याच ओळीत पुढे पपनसही होतं, कडू संत्रंसुद्धा. "आतड्याच्या भिंतीत एक पहारेकरी असतो असं समजा. ह्या कॅप्सूलमधलं बरंचसं औषध तो तिथेच मोडतो, थोडंच रक्तात सोडतो. डोस ठरतो तो हे धरूनच. ह्या फळांतली द्रव्यं त्या पहारेकऱ्यालाच निकामी करतात. मग औषध सगळंच्या सगळं आत घुसतं."

"पण मी दुपारी देते. कॅप्सूल सकाळी नि रात्री." ती बुडत्यासारखी काडी धरू पाहत होती.

"नवा पहारेकरी तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. वेळ बदलून काही होत नाही."

फळवालीच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या दिवसांत पपनसाचा माल आला नव्हता त्याच दिवसांत नवऱ्याला बरं वाटलं होतं. मग तिने मुद्दाम लांबच्या बाजारातून पपनसं आणली होती. आपल्या हाताने, पाकळीन् पाकळी सोलून, बी काढून, तिने नवऱ्याला विष चारलं होतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने त्याची कातडी सोलली असती. आता काय करावं? खिडकीवर कपाळ आपटावं?

आणि तेवढ्यात, माणसाचं मन किती हलकट असतं पाहा, तिला वाटलं, उद्यापासून देऊच नये. कोणाला कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रमाण आपोआप उतरेल, डॉक्टर म्हणतील गुण आला, ताईंना कधी कळणार नाही.

"गुपचूप बंद केलं तर?" तिने हळूच विचारलं.

फार्मासिस्ट बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "तसं चुकूनही करू नका. डोस निम्मा केलाय ना? तो पपनसाच्या जोरावर पुरतोय. पपनस गेलं की पहारेकरी परत येईल, आणि निम्मा डोस अगदीच तोकडा पडेल. मग शरीर किडनीवर उठेल. बंद तर करायचंच, पण डॉक्टरांना सांगून, आजच. मी वर फोन करते, पण किती आणि कधीपासून ते तुम्हालाच सांगावं लागेल."

म्हणजे गप्प बसलं तरी किडनी जाणार. ती पिशवी उचलून जिना चढली. वर वॉर्डाच्या दारात डॉक्टर होते, आणि त्यांच्या शेजारी नणंद. निदान नणंद तरी नसती, असं तिला वाटलं. पण नणंद होती.

"साहेब, मीच केलं," ती म्हणाली. "रोज एक पपनस. वर्ष होत आलं असेल. आजही दिलं. ग्रेपफ्रूट नको म्हणालात, ते मी पाळलं. हे मी दुसरं फळ समजले."

डॉक्टर रागावले नाहीत. आकार विचारला, किती पाकळ्या, रस की नुसतं फळ, मधे कधी खंड. बायोप्सी तूर्त थांबवली. रोज रक्त तपासायचं, आणि प्रमाण उतरेल तसा डोस चढवत न्यायचा, असं नर्सला सांगितलं.

"किडनी परत सुधारेल ना?"

"काही सुधारेल. सगळी सुधारेल असं मला म्हणवत नाही."

नणंदेने पदराखाली कुशीवर हात धरला होता, जिथून तिची किडनी काढली होती तिथे. "मी काय दिलं होतं, आणि तू त्याचं काय केलंस," एवढंच ती म्हणाली, आणि निघून गेली. फळवाली भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. प्रमाण उतरलं, डोस चढला, हातांची थरथर थांबली. किडनी सुधारली, पण पहिल्या जागेवर आली नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जे गेलं ते गेलं, आहे ते जपा, ती आता काही वर्षं कमीच चालेल. हे ऐकायला नणंद आली होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, भावजयीकडे न बघता.

डॉक्टर गेल्यावर फळवाली नवऱ्याच्या उशाशी वाकली. "मला माफ करा. तुम्हाला आवडतं म्हणून आणत होते हो. तोंडाला चव येईल म्हणून."

नवरा छताकडे बघू लागला. मग म्हणाला, "मला नाही आवडत पपनस."

"काय?"

"कधीच नाही आवडलं. घशाला कडवट लागतं. पण तू गाळा टाकून यायचीस, बोटं सोलवटून सोलायचीस. नको कसं म्हणू?"

नणंद पायथ्याशी होती ती पुढे आली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा दोघांकडे पाहिलं, आधी भावाकडे, मग भावजयीकडे.

"अरे," ती म्हणाली, "तुझं हे एक 'नको' न म्हणणं माझ्या किडनीच्या मोलाला पडलं रे."